शेवटच्या शब्दाची वाट पाहणारे टिपण
मराठी–इंग्रजी व्यवहारबैठकीत दुभाष्याने वहीत काय लिहावे, याचा एक पाठ

शाळेत असताना आपण सर्वांनी टिपणे काढली. गुरुजी सांगत आणि आपण ते शब्दशः वहीत उतरवून घेत असू. ज्याच्या वहीत एकही वाक्य सुटलेले नसे, त्याची वही परीक्षेच्या आधी वर्गभर फिरे. ही सवय अभ्यासाला उपकारक असली, तरी दुभाष्याच्या कामात तीच पहिला अडथळा ठरते. विद्यार्थ्याचे टिपण महिन्यानंतर वाचावयाचे असते, तर दुभाष्याचे टिपण दोन मिनिटांनंतर वाचावयाचे आणि तासाभराने निरुपयोगी व्हावयाचे असते. विद्यार्थी स्मरणाच्या ऐवजी लिहितो. दुभाषी स्मरणाला आधार म्हणून लिहितो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज शेतकरी कंपन्या, निर्यातगृहे आणि लहान कारखाने यांच्या बैठकांत हे काम करतात, म्हणून या विद्येतील एकच अंग येथे थोडे सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

ज्या पद्धतीविषयी आम्ही लिहीत आहोत, तीत बोलणारा एक ते तीन मिनिटे बोलतो व थांबतो. मग दुभाषी तेवढा मजकूर दुसऱ्या भाषेत सांगतो. हिला क्रमवार दुभाषण म्हणतात. कानाला यंत्र लावून बोलणाऱ्याच्या बरोबरीने बोलण्याची पद्धत निराळी. तेथे टिपणाला फारसा वाव नसतो. व्यवहाराच्या बैठकीत, जेथे आठ-दहा माणसे एका मेजाभोवती बसून भाव, मुदत आणि पैसे यांची बोलणी करतात, तेथे क्रमवार दुभाषणच चालते.

एका शब्दाने झालेला घोटाळा

काही वर्षांपूर्वी द्राक्षे पिकवणाऱ्या एका शेतकरी कंपनीची परदेशी खरेदीदाराशी बैठक होती आणि दुभाषी म्हणून आम्ही होतो. नाकारला गेलेला माल परत आणावा लागला, तर त्याचे भाडे कोणी द्यावयाचे, असा प्रश्न खरेदीदाराने विचारला. कंपनीचे अध्यक्ष म्हणाले, "ते भाड्याचं आपण बघू." आम्ही वहीत "आम्ही – भाडे" असे दोनच शब्द लिहिले आणि इंग्रजीत सांगितले त्याचा अर्थ असा झाला की, 'ते भाडे आम्ही पाहून घेऊ.' समोरच्या गृहस्थांनी समाधानाने मान हलवली व आपल्या कागदावर काही लिहून घेतले.

पंधरा दिवसांनी कराराचा मसुदा आला. त्यात परतीच्या मालाचे संपूर्ण भाडे शेतकरी कंपनीने सोसावे, असे कलम होते. अध्यक्षांनी आम्हाला दूरध्वनी केला. "ओ सर, हे आम्ही कधी कबूल केलं?" त्यांनी ते खरोखरच कबूल केले नव्हते. 'आपण' म्हणजे 'तुम्ही आणि आम्ही मिळून', आणि 'बघू' म्हणजे 'पुढे विचार करू'. कबुली त्या वाक्यात नव्हतीच. ती आमच्या टिपणाने निर्माण केली. वही काढून पाहिली तेव्हा ध्यानात आले की, त्या दोन शब्दांवरून मूळ वाक्य पुन्हा उभे करणे आम्हालाही शक्य नव्हते. आम्ही दोन्ही बाजूंना आपली चूक लेखी कळवली, कलमावर नव्याने बोलणे झाले आणि करार मार्गी लागला. परंतु तोवर शेतकऱ्यांच्या मनात खरेदीदाराविषयी आणि खरेदीदाराच्या मनात शेतकऱ्यांविषयी किंतु निर्माण झाला होता, आणि दोघेही निर्दोष होते.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते असे: व्यवहाराच्या बैठकीत टिपणाने कोणत्याही वाक्यातील तीन गोष्टी राखल्याच पाहिजेत. कोण करणार, काय करणार आणि किती पक्के करणार. मराठीत यांतील पहिली व तिसरी गोष्ट बहुधा क्रियापदाच्या शेवटात दडलेली असते आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. म्हणून मराठी ऐकताना टिपणाने शेवटच्या शब्दासाठी जागा राखून ठेवावयास हवी.

पानाची मांडणी

या विद्येचा पाया जिनिव्हा येथे विसाव्या शतकाच्या मध्यास घातला गेला. ज्याँ एर्बेर यांचे दुभाष्यांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक 1952 साली आणि ज्याँ-फ्राँस्वा रोझाँ यांचे केवळ टिपणांवरचे छोटे पुस्तक 1956 साली निघाले. रोझाँ यांनी सात तत्त्वे सांगितली: शब्द न लिहिता कल्पना लिहावी, शब्दांचे संक्षेप ठरीव रीतीने करावेत, वाक्यांना जोडणारे दुवे नोंदावेत, नकार स्पष्ट दाखवावा, जोर दाखवावा, ओळी आडव्या न लिहिता एकाखाली एक रचाव्यात आणि प्रत्येक पुढची ओळ थोडी उजवीकडे सरकवावी. पुढच्या शिक्षकांनी शेवटच्या दोन तत्त्वांतून तिरप्या मांडणीची पद्धत रूढ केली: डाव्या वरच्या बाजूस कर्ता, मध्ये क्रियापद आणि उजवीकडे खाली कर्म.

ही मांडणी इंग्रजी वाक्याच्या क्रमाशी जुळते. कर्ता, क्रियापद, कर्म या क्रमानेच इंग्रजी बोलणारा बोलतो, त्यामुळे इंग्रजी ऐकताना लेखणी सरळ उतरत जाते. मराठीत मात्र कर्ता आणि कर्म आधी येतात आणि क्रियापद सर्वांत शेवटी. नवशिका दुभाषी येथे ऐकलेल्या क्रमाने लिहीत जातो. मग पानावर नामांची रांग लागते आणि क्रियापद पोहोचेपर्यंत पुढचे वाक्य सुरू झालेले असते. उपाय सोपा आहे. मराठी ऐकतानाही पानावरची जागा बदलू नये. कर्ता वर डावीकडे लिहावा, मधली ओळ कोरी सोडावी, कर्म खाली उजवीकडे लिहावे. आणि क्रियापद कानावर पडताच ते त्या कोऱ्या ओळीत भरावे. असे केले म्हणजे वाचताना वरून खाली नजर फिरवली की इंग्रजी वाक्य आपोआप तयार असते. शिवाय मधली ओळ कोरी राहिली असेल, तर आपले काही तरी निसटले, हे दुभाष्याला बोलण्यापूर्वीच कळते. भरगच्च पानावर असे निसटणे दिसून येत नाही.

वहीविषयी थोडे. वार्ताहर वापरतात तशी, वरच्या बाजूस तारेने बांधलेली, तळहाताएवढ्या रुंदीची वही घ्यावी. पाने झटकन उलटतात. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. डावीकडे दोन बोटे जागा आखून ती केवळ दुव्यांसाठी ठेवावी: पण, म्हणून, कारण, जर, तरी. हे लहान शब्द विसरले, तर वाक्ये आठवूनही युक्तिवाद कोसळतो. एका वक्त्याचे बोलणे संपले की पानभर आडवी रेघ ओढावी, आणि त्याचे भाषांतर सांगून झाले की त्या भागावर तिरकी रेघ मारावी. दहा मिनिटांनी घाईने पान उलटताना जुने टिपण पुन्हा वाचले जाऊ नये, एवढ्यासाठी.

आम्ही, आपण आणि इंग्रजीतला एकच शब्द

मराठीत 'आम्ही' म्हटले की समोरचा त्यात नसतो, आणि 'आपण' म्हटले की तो त्यात असतो. इंग्रजीत दोहोंना 'वी' हा एकच शब्द आहे. व्यवहारात हा भेद म्हणजे पैसे कोणाच्या खिशातून जाणार याचा भेद होय. आम्ही वहीत 'आम्ही'साठी "आ" आणि 'तुम्ही-आम्ही मिळून' यासाठी "आ+" अशी खूण ठेवतो. तुम्ही या अर्थी "तु".

यात आणखी एक मेख आहे. मराठीत 'आपण' हा शब्द आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही येतो. "आपण पैसे कधी पाठवाल?" येथे आपण म्हणजे समोरचे, "आपण भाव ठरवू" येथे आपण म्हणजे दोघे. हा निर्णय पहिल्या शब्दावर करता येत नाही. 'पाठवाल' की 'ठरवू' हे शेवटी कळते. म्हणून 'आपण' ऐकताच "आ" किंवा "तु" लिहिण्याची घाई करू नये. कर्त्याच्या जागी नुसता ठिपका द्यावा आणि क्रियापद आल्यावर त्या ठिपक्याशेजारी योग्य खूण लिहावी.

इंग्रजीतून मराठीत येताना अडचण उलटी होते. वक्ता 'वी' म्हणतो आणि मराठीत सांगताना दुभाष्याला निवड करावीच लागते. तटस्थ शब्द उपलब्ध नाही. मागच्या-पुढच्या बोलण्यावरून बहुधा अर्थ स्पष्ट होतो. नसेल झाला, तर वहीत "आ?" लिहावे आणि बोलण्यापूर्वी विचारावे. विचारण्याचीही रीत आहे. दुभाषी वक्त्याचे बोलणे प्रथम पुरुषातच सांगतो. त्याच्या तोंडी आलेले 'आम्ही' हे वक्त्याचे असते. म्हणून स्वतःची शंका विचारताना "दुभाष्याला एक खुलासा हवा आहे" असे म्हणावे, आणि आपण काय विचारले ते दुसऱ्या पक्षालाही त्याच्या भाषेत सांगावे. दोघांपैकी एकाशीच कुजबुज झाली, की दुसऱ्याला संशय येतो.

किती पक्के

"देऊ", "देऊ शकू" आणि "बघू" ही तीन उत्तरे कागदावर सारखी दिसली, तर करार चुकतो. आम्ही क्रियापदापुढे तीन खुणा करतो. निश्चित शब्दासाठी उद्गारचिन्ह, शक्यतेसाठी नागमोडी रेघ, आणि केवळ विचार करण्याच्या भाषेसाठी प्रश्नचिन्ह. "भरणार" हे "भर !" होते; "देऊ शकू", "जमेल" ही "दे ~", "जम ~" होतात; "बघू", "पाहू", "घरी विचारतो" ही सर्व "?" या खुणेखाली येतात. इंग्रजीतही अशा पायऱ्या असतात आणि खुणा त्याच चालतात. मात्र मराठी ऐकताना क्रियापद मराठीतच लिहावे. ऐकता ऐकता त्याचा इंग्रजी प्रतिशब्द लिहिला, तर 'बघू'चे काय करावयाचे याचा निर्णय घाईत होऊन बसतो. आणि आमच्या प्रसंगात नेमके तेच झाले होते. नामांच्या बाबतीत असा नियम नाही. कंटेनर, करार, भाव हे ज्या भाषेत लवकर लिहून होतील त्या भाषेत लिहावेत.

संक्षेप करताना देवनागरीत एक दक्षता घ्यावी लागते. शब्दाचा केवळ आरंभ लिहून भागत नाही. 'निर्यात', 'निर्यातदार' आणि 'निर्यातबंदी' या तिन्हींचा आरंभ एक. शेवट लिहिला तरच ते वेगळे होतात: नि-त, नि-र, नि-दी. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर हा सर्वसाधारण नियम ठेवावा. पण 'उत्पादन' आणि 'उत्पन्न' यांची पहिली व शेवटची अक्षरेही जुळतात, आणि व्यवहारात एक टनांत मोजले जाते तर दुसरे रुपयांत. अशा जोड्या बैठकीपूर्वीच शोधून त्यांच्या खुणा ठरवाव्यात. आम्ही पहिल्यासाठी "उ-दन" आणि दुसऱ्यासाठी "उ-₹" लिहितो. बैठक चालू असताना नवी खूण तयार करू नये. पाच मिनिटांनी ती आपल्यालाच वाचता येत नाही.

आकडे

आकडे आणि नावे यांना वाट पाहणे परवडत नाही. बाकी सर्व कल्पना पूर्ण झाल्यावर लिहावे. आकडा मात्र ऐकताच, हातातले वाक्य अर्धवट सोडून लिहावा, कारण तो अर्थावरून आठवता येत नाही.

मराठी आकड्यांत एकक आधी उच्चारला जातो. 'पंच्याहत्तर' म्हणताना आधी पाच येतात, मग सत्तर. इंग्रजीत सत्तर आधी, पाच मागून. त्यामुळे पूर्ण शब्द ऐकल्याखेरीज अंक लिहू नये. 'एकोणसाठ' ऐकताना कानात 'साठ' घुमत राहतो आणि हात 60 लिहून जातो. तेथे 59 हवे. 'त्रेपन्न', 'त्रेसष्ट' आणि 'त्र्याहत्तर' गोंगाटात एकमेकांत मिसळतात. दीड, अडीच, सव्वा, पावणे, साडे ही मापे ऐकताच अंकांत लिहावीत: पावणेतीन लाख म्हणजे 2.75 लाख, सव्वादोन कोटी म्हणजे 2.25 कोटी.

परंतु लाखाचे मिलियन ऐकतानाच करू नयेत. ऐकला तोच आकडा, ऐकल्या त्याच परिमाणासह लिहावा. रूपांतर सांगतेवेळी करावे. दहा लाखांचा एक मिलियन आणि शंभर कोटींचा एक बिलियन एवढे पक्के असले की पुरते: साडेबारा लाख म्हणजे 1.25 मिलियन, सव्वादोन कोटी म्हणजे 22.5 मिलियन. लिहिताना रूपांतर केले आणि शून्य चुकले, तर मूळ आकडा हाती राहत नाही. परिमाणाविना आकडा तर कधीच लिहू नये. किलोमागे, पेटीमागे आणि टनामागे हे शब्द निसटले, तर अचूक अंकही निरर्थक होतो.

एक उतारा, पानावर

आता हे सर्व एका बोलण्यावर लावून पाहू. द्राक्षबैठकीत अध्यक्ष बोलतात ते साधारण असे, हा सरावासाठी आम्ही रचलेला उतारा आहे:

"गेल्या हंगामात आम्ही एकोणसाठ टन द्राक्षं पाठवली. यंदा अवकाळी पावसामुळं एकरी उत्पादन घटलंय, पण सभासद वाढलेत; त्यामुळं पंच्याहत्तर टनांपर्यंत माल आम्ही देऊ शकू. मात्र सगळा माल फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात देता येणार नाही. भाव आपण किलोमागं ठरवू, पेटीमागं नको. आणि पहिल्या कंटेनरची निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय दुसरा कंटेनर आम्ही भरणार नाही."

याचे टिपण आम्ही असे करू:

गे. हंगाम
　　आ
　　　　पाठवली
　　　　　　59 टन
यंदा
　　पाऊस → एकरी उ-दन ↓
पण
　　सभासद ↑
म्हणून
　　आ
　　　　दे ~
　　　　　　75 टनांपर्यंत
मात्र
　　सगळा, फेब्रु. 1–15 : ✗ !
　　आ+
　　　　ठरवू
　　　　　　भाव / किलो (✗ पेटी)
आणि
　　आ
　　　　50% कं. 1 हाती, मगच → भर कं. 2 !
――――――――

सुमारे पन्नास शब्दांचे बोलणे. पानावर त्याहून कमी, आणि त्यातही बरेच दोन-तीन अक्षरांचे. काय गळले ते पाहावे. 'द्राक्षे' हा शब्द नाही. बैठक त्याचीच आहे. 'अवकाळी' नाही, पाऊस वाचताच तो आठवतो. काय राहिले तेही पाहावे. 59 टनांपुढे 'पाठवली' आहे, म्हणजे झालेली गोष्ट. 75 टनांपुढे "दे ~" आहे, म्हणजे शक्यता. हे चिन्ह नसते, तर खरेदीदाराने 75 टनांचे वचन मिळाले असे समजून जहाजात जागा धरली असती.

सर्वांत अवघड वाक्य शेवटचे. 'आल्याशिवाय' आणि 'भरणार नाही' असे दोन नकार एका वाक्यात आहेत आणि दुसरा नकार अगदी अखेरीस येतो. आमच्याकडे सरावाला बसणारे बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात येथे "50% – कं. 2 – ✗" असे लिहितात. दोन मिनिटांनी ते वाचले की अर्थ निघतो, 'निम्मी रक्कम दिली तरी दुसरा कंटेनर भरणार नाही', म्हणजे नेमका उलटा. दुहेरी नकार जसाच्या तसा लिहू नये. तो मनात उलगडून सरळ अटीच्या रूपात लिहावा: आधी हे, मगच ते. त्यासाठी वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबण्याचे धैर्य मधली ओळ कोरी ठेवण्याच्या सवयीतून येते.

'सगळा' या शब्दाकडेही लक्ष असावे. अध्यक्षांनी पहिल्या पंधरवड्यात माल देणारच नाही असे म्हटलेले नाही. सगळा देता येणार नाही, एवढेच म्हटले आहे. नकाराची फुली कोणत्या शब्दावर आहे हे दाखवले नाही, तर सौदाच मोडतो.

याला खरेदीदाराचे इंग्रजी उत्तर आले, असे धरू. किलोमागे भाव त्याला मान्य आहे. निम्मी रक्कम नव्हे, तर तीस टक्के रक्कम आम्ही कागदपत्रांच्या प्रती मिळताच देऊ, बाकीची माल पोहोचून तपासणी झाल्यावर एकवीस दिवसांत. आणि पाच टक्क्यांहून अधिक पेट्या खराब निघाल्या, तर बोलावे लागेल. इंग्रजीत या बोलण्यात 'वी' दोनदा येतो. 'वी विल पे' येथे देणारा तो एकटाच: वहीत "आ", मराठीत 'आम्ही देऊ'. 'वी विल हॅव टू टॉक' येथे बोलणे दोघांनी करावयाचे: वहीत "आ+", मराठीत 'आपल्याला बोलावं लागेल'. दोन्हीकडे 'आम्ही' म्हटले, तर शेतकऱ्यांना दुसरे वाक्य धमकीसारखे ऐकू येईल. दोन्हीकडे 'आपण' म्हटले, तर तीस टक्के कोण देणार याचाच घोळ होईल.

टिपण वाचणे

टिपण वाचण्याचीही एक शिस्त आहे. वक्ता थांबला की प्रथम पानाच्या तळाशी नजर टाकावी. शेवटचा मुद्दा ताजा असतो आणि बोलणे कोठे संपवावयाचे ते कळते. मग वर जाऊन एक कल्पना डोळ्यांनी उचलावी, मान वर करावी आणि ती ऐकणाऱ्याकडे पाहून सांगावी. तोंडाने एक कल्पना सांगत असताना नजरेने पुढची उचलता येते; ही सवय सरावाने जडते. वहीत डोके घालून वाचणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि चूक सर्वांत आधी चेहऱ्यावर उमटते. आपण सांगितलेल्या गोष्टीशी समोरच्याचे उत्तर जुळत नसेल, तर तो विषय टाळतो आहे असे मानण्यापूर्वी आपले टिपण पुन्हा पाहावे. चूक आढळली, तर तेथल्या तेथे दोन्ही भाषांत "दुभाष्याची दुरुस्ती" म्हणून सांगावी. बैठकीत ती अर्ध्या मिनिटात निस्तरते; मसुद्यात शिरली की तिला पंधरा दिवस लागतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

घरी सराव करणाऱ्यांसाठी एक क्रम सुचवितो. प्रथम कोणाकडून तरी एक मिनिटाचे बोलणे ऐकावे आणि काहीही न लिहिता दुसऱ्या भाषेत सांगावे. स्मरण किती वाहू शकते ते कळते. दुसऱ्या वेळी केवळ दुवे आणि आकडे लिहावेत. तिसऱ्या वेळी पूर्ण तिरपी मांडणी करावी. पहिल्यापेक्षा तिसरे सांगणे वाईट झाले, तर आपण फार लिहीत आहोत आणि त्यामुळे ऐकणे कमी पडते आहे असे समजावे. लक्ष एकच असते. लेखणी जितके घेते, तितके कानाला कमी उरते. शेवटी, पानावर क्रियापदे किती आहेत ती मोजावीत. वाक्ये दहा आणि क्रियापदे चार, असे असेल तर उरलेल्या सहा वाक्यांत कोण काय करणार, हे दुभाषी अंदाजाने सांगत आहे.

बैठक संपली की टिपणांची पाने फाडून नष्ट करावीत. त्यांत दुसऱ्याचे भाव आणि अटी असतात. ती पुरावा म्हणूनही चालत नाहीत, कारण त्या खुणा आपल्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत. त्या अध्यक्षांची पुढची बैठक झाली, तेव्हाही दुभाषी म्हणून त्यांनी आम्हालाच बोलावले. भाड्याचा विषय निघाला तेव्हा ते बोलता बोलता थांबले, आमच्याकडे पाहून म्हणाले, "सर, आपण म्हणजे दोघंबी, बरं का," आणि मग पुढे बोलू लागले. आमच्या वहीत तोवर "आ+" लिहून झाले होते.